सीजीपीए ६.८१, पण टक्के किती? नोकरीसाठी रूपांतरपत्र मागण्याचे एक प्रकरण

उमेदवार अभियांत्रिकीचा पदवीधर. महाविद्यालय स्वायत्त, पदवी मात्र ते ज्या विद्यापीठाशी संलग्न आहे त्या विद्यापीठाची. अंतिम ग्रेडशीटवर सीजीपीए ६.८१, दहाच्या मापावर. टक्के कुठेच छापलेले नाहीत. एका सार्वजनिक बँकेच्या अधिकारीपदासाठी त्याने ऑनलाइन अर्ज केला. अट होती पदवीला किमान ६० टक्के. अर्जात टक्केवारीचा रकाना सक्तीचा होता, म्हणून त्याने ६.८१ ला ९.५ ने गुणले आणि ६४.७० भरून टाकले. लेखी परीक्षा पार पडली, मुलाखतीचे बोलावणे आले आणि सोबत कागदपत्रांची यादी. त्या यादीत एक ओळ होती: सीजीपीए असल्यास टक्केवारीत रूपांतराचे प्रमाणपत्र. मग तो परीक्षा विभागाच्या खिडकीशी पोचला.

दरवर्षी अशा अर्जांत ज्या अडचणी पुन्हा पुन्हा येतात, त्या एकत्र करून हे प्रकरण मांडले आहे. महाविद्यालय, बँक आणि उमेदवार यांची नावे म्हणूनच नाहीत.

९.५ आले कुठून

९.५ हा गुणक सीबीएसईच्या दहावीचा. सीबीएसईने दहावीला गुणांऐवजी ग्रेड द्यायला सुरुवात केली तेव्हा अंदाजे टक्केवारीसाठी तो सुचवला होता. पदवीच्या सीजीपीएशी त्याचा काही संबंध नाही. तरीही मुले तो सर्रास वापरतात, कारण इंटरनेटवर शोधले की सगळ्यात आधी तोच सापडतो. पदवीसाठी चालतो तो फक्त त्या विद्यापीठाचा किंवा स्वायत्त महाविद्यालयाचा स्वतःचा मंजूर नियम. या महाविद्यालयाचा नियम असा होता:

टक्केवारी = (सीजीपीए − ०.७५) × १०

म्हणजे ६.८१ चे ६०.६०. अर्जातल्या ६४.७० पेक्षा चार टक्क्यांहून जास्त फरक. पात्रता शिल्लक राहिली, पण जेमतेम.

०.७५ वजा का करायचे, हा प्रश्न खिडकीशी रोज विचारला जातो. सरळ दहाने का गुणायचे नाही? उत्तर ग्रेड कशी दिली जाते यात आहे. बऱ्याच ठिकाणी ६० ते ६९ गुण मिळवणाऱ्या प्रत्येकाला त्या विषयात ७ ग्रेड पॉइंट मिळतात. ६१ वाल्यालाही ७ आणि ६९ वाल्यालाही ७. आता ७ ला दहाने गुणले तर ७० येतात, आणि तेवढे गुण तर या दोघांपैकी कुणालाच नव्हते. ग्रेड पॉइंट हा पट्ट्याच्या वरच्या टोकाचा आकडा असतो, त्यामुळे दहाने गुणल्यावर टक्केवारी फुगते. ती फुगवटी काढण्यासाठी काहीतरी वजा करावे लागते. तंत्रशिक्षणाचे नियमन करणाऱ्या एआयसीटीईच्या तक्त्यात ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६०, ७.२५ म्हणजे ६५, ७.७५ म्हणजे ७० आणि ८.२५ म्हणजे ७५ टक्के असे धरले आहे. वरचे सूत्र या तक्त्याशी तंतोतंत जुळते. पण सगळ्या संस्था हेच सूत्र वापरत नाहीत. काही सरळ दहाने गुणतात, काहींचा गुणक वेगळा आहे, काहींनी सीजीपीएच्या प्रत्येक पट्ट्याला वेगळे सूत्र ठरवले आहे. शेजारच्या महाविद्यालयातल्या मित्राचे सूत्र आपल्याला लागू पडेलच असे नाही, मग दोघांची शाखा एकच का असेना.

पहिले पत्र का परत आले

उमेदवाराने पहिल्यांदा केलेला अर्ज एका ओळीचा होता: 'मला सीजीपीएचे टक्केवारीत रूपांतर करून द्यावे.' विभागाने जे मागितले तेच दिले. लेटरहेडवर दोन ओळी: अमुक विद्यार्थ्याचा सीजीपीए ६.८१ असून तो ६०.६० टक्क्यांच्या समकक्ष आहे. खाली सही आणि शिक्का. कागदपत्र तपासणीच्या दिवशी बँकेच्या अधिकाऱ्याने ते बाजूला ठेवले आणि नवे पत्र आणायला आठ दिवसांची मुदत दिली.

बँकभरतीच्या जाहिरातीतली अट नीट वाचली की कारण लगेच कळते. सार्वजनिक बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या जाहिरातींत या प्रमाणपत्रात दोन गोष्टी हव्यात असे स्पष्ट म्हटलेले असते: विद्यापीठाचा रूपांतराचा नियम काय आहे, आणि त्या नियमानुसार या उमेदवाराचे टक्के किती होतात. पहिल्या पत्रात दुसरी गोष्ट होती, पहिली नव्हती. नियमाशिवायचा आकडा तपासणाऱ्याला पडताळता येत नाही, त्याच्या दृष्टीने तो कुणीतरी लिहिलेला आकडा एवढाच असतो. याच्या उलटही घडते. विद्यार्थी फक्त सूत्राचे परिपत्रक घेऊन जातो, त्यावर त्याचे नाव नसते, आणि तेही परत येते.

त्याच जाहिरातींत आणखी एक वाक्य असते, आणि काठावरच्या उमेदवाराने ते दोनदा वाचावे. ५९.९९ हे ६० पेक्षा कमीच धरले जातील, अपूर्णांक वर नेला जाणार नाही. आपल्या उमेदवाराचा सीजीपीए ६.७४ असता तर टक्के ५९.९० झाले असते आणि कुठल्याही पत्राने तो पात्र ठरला नसता. अशा वेळी काही मुले परीक्षा विभागाला 'पूर्णांकात ६० लिहा ना' असे विनवतात. तसे लिहिणे चूक आहे, आणि विद्यार्थ्याच्याही हिताचे नाही. तपासणारा सूत्र हातात घेऊन गणित करतो, आणि मग सगळ्या कागदांवरच संशय येतो.

अर्ज द्यायचा कुणाकडे

पत्र कुणाच्या सहीचे हवे, हे ग्रेड कुणी दिली यावर ठरते. स्वायत्त महाविद्यालयात परीक्षा आणि ग्रेडशीट दोन्ही महाविद्यालयाची असतात, त्यामुळे महाविद्यालयाच्या परीक्षा नियंत्रकाची सही चालते. ग्रेडशीटवर ज्या पदाची सही आहे, त्याच पदाची सही पत्रावर असली की तपासणाऱ्याला प्रश्न पडत नाही. महाविद्यालय स्वायत्त नसेल तर परीक्षा विद्यापीठाची आणि नियमही विद्यापीठाचा. तेव्हा पत्र विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडूनच घ्यावे. प्राचार्यांचे पत्र काही खासगी कंपन्या घेतात, बँका आणि सरकारी उपक्रम बहुधा घेत नाहीत. प्राचार्यांचे पत्र द्यायचेच असेल तर त्यात विद्यापीठाच्या परिपत्रकाचा क्रमांक आणि दिनांक असावा आणि परिपत्रकाची साक्षांकित प्रत सोबत जोडावी.

खिडकीशी जाण्याआधी ग्रेडशीट उलटी करून पाहावी. अनेक संस्था ग्रेडचा तक्ता आणि रूपांतराचे सूत्र मागच्या बाजूला छापतात. खासगी कंपनीला बरेचदा तेवढ्याने भागते, दोन्ही बाजूंची झेरॉक्स दिली की झाले. जाहिरातीत 'प्रमाणपत्र' असा शब्द असेल तर मात्र वेगळे पत्र लागतेच. ते काढतानाही मागची बाजू कामी येते, कारण लिपिकाला नियम शोधत बसावे लागत नाही.

दुसरा अर्ज

दुसऱ्यांदा उमेदवाराने नेमके काय हवे ते लिहून दिले. अर्जाचा मजकूर असा:

'प्रति, मा. परीक्षा नियंत्रक.
विषय: सीजीपीएचे टक्केवारीत रूपांतर केल्याबाबतचे प्रमाणपत्र मिळणेबाबत.
महोदय, मी आपल्या महाविद्यालयातून बी. टेक. (यंत्र अभियांत्रिकी) ही पदवी उत्तीर्ण झालो आहे. माझा पीआरएन, प्रवेशाचे वर्ष, उत्तीर्ण झाल्याचा महिना व वर्ष आणि सीजीपीए खाली दिले आहेत. बँकेतील भरतीच्या कागदपत्र तपासणीसाठी मला प्रमाणपत्र हवे आहे. त्यात (१) माझ्या तुकडीला लागू असलेला रूपांतराचा नियम आणि तो मंजूर झाल्याचा संदर्भ, आणि (२) त्या नियमानुसार माझी टक्केवारी दोन दशांश स्थळांपर्यंत, पूर्णांकात न बदलता, नमूद करावी ही विनंती. प्रमाणपत्र इंग्रजीत व "संबंधितांस" या संबोधनाने मिळावे. जाहिरातीतील संबंधित अटीची प्रत सोबत जोडली आहे. कागदपत्र सादर करण्याची अंतिम तारीख खाली दिली आहे.'

शेवटची दोन वाक्ये लहान दिसतात, पण काम त्यांनीच होते. जाहिरातीच्या त्या पानावर अटीखाली पेनने रेघ मारून प्रत जोडली की लिपिकाला कुठले पत्र बनवायचे ते कळते. एरवी तो आधीच्या विद्यार्थ्याच्या पत्रात नाव बदलून देतो, आणि त्या विद्यार्थ्याची गरज वेगळी असू शकते. तारीख लिहिलेली असली की अर्ज ढिगाच्या तळाशी जात नाही. 'लवकर द्या' असे लिहून काही होत नाही.

अर्जासोबत सर्व सत्रांच्या ग्रेडशीट, एकत्रित ग्रेडशीट असल्यास ती, पदवी किंवा तात्पुरते पदवी प्रमाणपत्र आणि ओळखपत्र यांच्या झेरॉक्स जोडाव्यात. शुल्क असेल तर ते लेखा विभागात किंवा ऑनलाइन भरून पावती लावावी. शुल्क आणि लागणारे दिवस प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात, ते खिडकीशी विचारून घ्यावेत. एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखीच लागते: आपल्याकडच्या अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का आणि दिनांक. पोचपावती नसलेल्या अर्जाबद्दल आठवड्याने विचारणा केली तर 'अर्ज दिसत नाही' या उत्तरावर बोलायला काही राहत नाही.

'संबंधितांस' असे का मागायचे? एकाच बँकेच्या नावाने काढलेले पत्र पुढच्या भरतीत चालत नाही. रूपांतराचा नियम भरतीगणिक बदलत नसतो, मग पत्र तरी का बदलावे? एकदाच सर्वसाधारण पत्र घ्यावे आणि शक्य असेल तर दोन मूळ प्रती मागाव्यात.

विभागात अडले ते सीजीपीएपाशी

अर्ज नीट होता, तरी पत्र तयार होताना एक अडथळा आला. उमेदवाराने अर्जात स्वतःच काढलेली टक्केवारी ६०.९० लिहिली होती. विभागाच्या हिशेबात ६०.६० येत होते. त्याने आठही सत्रांचे एसजीपीए, म्हणजे प्रत्येक सत्राची वेगळी ग्रेड सरासरी, मिळवून आठने भागले होते, सरासरी ६.८४ आली होती. चूक इथेच आहे. सत्रांचे क्रेडिट सारखे नसतात, काही १८ क्रेडिटची असतात तर काही २२ ची. सीजीपीए काढताना प्रत्येक विषयाचा ग्रेड पॉइंट त्याच्या क्रेडिटने गुणतात, सगळ्यांची बेरीज करतात आणि एकूण क्रेडिटने भागतात. या उमेदवाराचे एकूण क्रेडिट १६० आणि क्रेडिट पॉइंटची बेरीज १०९०. भागाकार ६.८१२५, ग्रेडशीटवर ६.८१. त्याचे चांगले एसजीपीए पहिल्या आणि शेवटच्या सत्रात होते आणि ती दोन्ही सत्रे कमी क्रेडिटची होती, म्हणून साधी सरासरी वर गेली.

आणखी एक शंका त्याने काढली. मूळ भागाकार ६.८१२५ आहे, मग टक्के ६०.६२५ का नाहीत? कारण रूपांतर ग्रेडशीटवर छापलेल्या सीजीपीएचेच करायचे असते. तपासणाऱ्याच्या हातात ग्रेडशीट आणि पत्र एवढे दोनच कागद असतात, आणि एकावरून दुसऱ्यावरचा आकडा त्याला काढता यायला हवा.

डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेतलेल्यांनी इथे जास्त लक्ष द्यावे. त्यांच्या ग्रेडशीटवर सहा सत्रांचाच सीजीपीए असतो आणि नोकरीच्या अर्जात कधीकधी पहिल्या वर्षाचे टक्केही विचारलेले असतात. त्या रकान्यात डिप्लोमाचे टक्के भरू नयेत. पत्रात 'थेट द्वितीय वर्ष प्रवेश, सीजीपीए तिसऱ्या ते आठव्या सत्राचा' अशी ओळ मागून घ्यावी.

मधल्या काळात अभ्यासक्रमाची रचना बदलली असेल तर सूत्रही बदललेले असू शकते. विभागातल्या संगणकावरचा नमुना चालू तुकडीच्या सूत्राचा असतो आणि जुन्या विद्यार्थ्याला चुकून तोच लावला जातो. लागू होतो तो त्या विद्यार्थ्याच्या तुकडीचा नियम. अर्जात प्रवेशाचे वर्ष लिहायचे ते यासाठीच.

स्वीकारले गेलेले पत्र

दुसरे पत्र लेटरहेडवर होते, जावक क्रमांक आणि दिनांकासह. नाव ग्रेडशीटवर आहे तसेच, आडनाव आधी. पीआरएन, पदवी, शाखा, उत्तीर्ण झाल्याचा महिना व वर्ष. मग सीजीपीए ६.८१, दहाच्या मापावर. मग सूत्र, आणि ते विद्यापरिषदेच्या ज्या ठरावाने मंजूर झाले त्याचा क्रमांक व दिनांक. मग हिशेब उलगडून: (६.८१ − ०.७५) × १० = ६०.६०. शेवटी परीक्षा नियंत्रकाची सही, सहीखाली नाव व पद, गोल शिक्का, आणि पडताळणीसाठी विभागाचा अधिकृत ईमेल. हा ईमेल बरेच विभाग देत नाहीत. द्यावा. नेमणुकीआधी पार्श्वभूमी तपासणारी संस्था विचारणा करते तेव्हा महाविद्यालयाच्या सर्वसाधारण पत्त्यावर गेलेला मेल आठवडे पडून राहतो आणि विद्यार्थ्याची रुजू होण्याची तारीख लांबते.

पत्र हातात पडले की तिथेच, खिडकीसमोर उभे राहून, ग्रेडशीटशी ताडून पाहावे. नावातले एक अक्षर, पीआरएनमधला एक अंक, सीजीपीएचा दुसरा दशांश. जावक नोंद झालेले पत्र नंतर दुरुस्त करायचे तर पुन्हा अर्ज, पुन्हा सही.

पत्राची तारीख अर्जाच्या अंतिम तारखेनंतरची आहे, म्हणून उमेदवार घाबरला होता. त्यात घाबरण्यासारखे काही नव्हते. अंतिम तारखेपर्यंत निकाल लागलेला असावा लागतो, आणि तो लागलेला होता. पत्र त्या निकालाचे रूपांतर सांगते, नवी पात्रता देत नाही.

अर्जातल्या ६४.७० चे काय

हा भाग पत्राने सुटत नाही. अर्जात ६४.७० आणि प्रमाणपत्रावर ६०.६० अशी तफावत राहिलीच. अर्जाची मुदत संपण्याआधी किंवा दुरुस्तीची खिडकी उघडी असताना हे लक्षात आले असते तर दुरुस्ती करता आली असती. इथे ती वेळ गेली होती. उमेदवाराने तपासणीच्या वेळी एका पानाचे निवेदन दिले: अर्जात कोणता गुणक वापरला, तो का चुकीचा होता, संस्थेच्या नियमानुसार खरी टक्केवारी किती आणि तीही किमान अटीपेक्षा जास्त कशी आहे. सोबत प्रमाणपत्र. या भरतीत टक्केवारी फक्त किमान पात्रतेसाठी होती, गुणवत्ता यादीत ती धरली जात नव्हती, म्हणून निवेदन नोंदवून घेतले गेले आणि मुलाखत झाली.

प्रत्येक ठिकाणी असे होईल असे समजू नये. पदवीच्या टक्क्यांवरून उमेदवारांची छाननी होते अशा भरतीत वाढीव टक्के भरणारा दुसऱ्या कुणाची तरी जागा अडवतो. तिथे अर्ज रद्द होऊ शकतो, आणि तो निर्णय अन्यायाचा म्हणता येणार नाही. निवेदन तरीही द्यावे. तफावत तपासणाऱ्याने शोधून काढण्याआधी उमेदवाराने स्वतः सांगितली, तर ती लपवाछपवी वाटत नाही.

संस्थेकडे नियमच नसेल तर

काही संस्था सरळ सांगतात की आम्ही टक्केवारी देत नाही, सीजीपीए हाच अंतिम. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा तेच लेखी मागावे: 'या संस्थेत सीजीपीएचे टक्केवारीत रूपांतर करण्याचा नियम नाही, सीजीपीए दहाच्या मापावर आहे.' हे एका ओळीचे पत्र बरेच काम करते. काही भरती संस्थांनी नेमक्या याच परिस्थितीसाठी स्वतःचा तक्ता ठेवलेला आहे. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी अधिकारी भरतीच्या जाहिरातीत, विद्यापीठाने नियम ठरवला नसेल तर दहाच्या मापावरचे ६.७५ म्हणजे ६० टक्के असे धरलेले आढळते. तो तक्ता वापरायचा तर संस्थेचा नियम नाही हे आधी कागदावर दाखवता आले पाहिजे. ज्या विद्यापीठाचा नियम आहे, त्याच्या विद्यार्थ्याला सोयीचा म्हणून हा तक्ता उचलता येत नाही.

काही जण अशा वेळी मूळ गुण मागतात. विभागाकडे विषयवार गुण नोंदलेले असतात, त्यांची बेरीज करून टक्के काढता येतील, असा त्यांचा मुद्दा असतो. ते टक्के रूपांतराच्या टक्क्यांशी जुळत नाहीत, कारण एका बाजूला प्रत्यक्ष गुण आहेत आणि दुसऱ्या बाजूला पट्ट्यांचे पॉइंट, तेही क्रेडिटच्या वजनाने. ग्रेडशीटवर गुण छापलेले नसतील तर जाहिरातीत गुणांच्या बेरजेचे पत्र स्पष्ट मागितले आहे का ते आधी पाहावे. मागितले नसेल तर ते काढू नये. एकाच पदवीच्या दोन वेगळ्या टक्केवाऱ्या, दोन्ही एकाच विभागाच्या शिक्क्यानिशी, अशा फाइलला तपासणीत हमखास प्रश्न विचारले जातात.